दर वेळी थोडं काढून पाणी भरलं, तर शेवटी शुद्ध द्रव किती उरतो?

प्रश्न: ६० लिटरच्या भांड्यात शुद्ध ग्लिसरीन काठोकाठ भरलंय. त्यातून १२ लिटर काढून तेवढंच पाणी घातलं आणि ढवळलं. असं एकूण तीन वेळा केलं. मी ६० मधून तीनदा १२ वजा केले तर २४ येतात, पण उत्तर ३०.७२ दिलंय. सूत्र पाठ आहे, पण ते का चालतं ते कळत नाही. आणि काढलेलं नि घातलेलं सारखं नसलं की सूत्राने काढलेलं उत्तर हमखास चुकतं. अशी गणितं नेमकी कशी बघायची?

उत्तर:

तुमची वजाबाकी पहिल्या वेळेपुरती अगदी बरोबर आहे. तेव्हा भांड्यात निव्वळ ग्लिसरीन असतं, त्यामुळे काढलेले १२ लिटर म्हणजे १२ लिटर ग्लिसरीनच. बिनसतं ते दुसऱ्या वेळेपासून. आता भांड्यात ४८ लिटर ग्लिसरीन आणि १२ लिटर पाणी आहे, आणि ते ढवळून एकजीव झालंय. यातून १२ लिटर उपसले की ग्लिसरीनबरोबर पाणीही बाहेर जाणार. किती जाणार? ६० पैकी १२ म्हणजे पाचवा हिस्सा. मिश्रण सगळीकडे सारखं असल्यामुळे भांड्यात जे जे आहे त्या प्रत्येकाचा पाचवा हिस्सा जातो. ४८ चा पाचवा हिस्सा ९.६ लिटर ग्लिसरीन, १२ चा पाचवा हिस्सा २.४ लिटर पाणी. दोन्ही मिळून बरोबर १२.

आता ग्लिसरीन ३८.४ लिटर उरलं. पाणी ९.६ उरलं होतं, त्यात नवीन १२ पडले, म्हणून ते २१.६ झालं. तिसऱ्यांदा पुन्हा दोघांचा पाचवा हिस्सा काढा: ७.६८ लिटर ग्लिसरीन आणि ४.३२ लिटर पाणी. उरलं ३०.७२ लिटर ग्लिसरीन.

इथे जरा थांबून एक गोष्ट बघा. तीन वेळा मिळून तुम्ही ३६ लिटर द्रव बाहेर काढला. त्यात ग्लिसरीन किती होतं? १२ अधिक ९.६ अधिक ७.६८, म्हणजे २९.२८. बाकीचे ६.७२ लिटर पाणी होतं. आणि तुमचं उत्तर खऱ्या उत्तरापेक्षा किती कमी आलं होतं? ३०.७२ वजा २४, म्हणजे ६.७२. बाहेर गेलेलं ते पाणी तुम्ही ग्लिसरीन म्हणून मोजलं, चूक एवढीच होती. या प्रकारातली वजाबाकीची प्रत्येक चूक अशीच बेरजेला बेरीज जुळवून शोधता येते.

आता सूत्राकडे येऊ. पाचवा हिस्सा गेला म्हणजे चार पंचमांश उरला. तीनदा असं झालं, म्हणून ६० × (४/५) × (४/५) × (४/५) = ३०.७२. पाठ केलेल्या सूत्रातलं (१ − १२/६०) म्हणजे हेच ४/५. हा गुणाकार चालतो याची कारणं दोन. पहिलं, मिश्रण एकजीव आहे म्हणून दर वेळी ग्लिसरीनचा ठरावीक हिस्सा जातो. ठरावीक लिटर जात नाहीत. दुसरं, पाणी ओतल्याने ग्लिसरीनच्या लिटरमध्ये काहीही फरक पडत नाही. ते पातळ होतं, कमी होत नाही.

हे दुसरं कारण विद्यार्थ्यांच्या नजरेतून निसटतं, आणि तुमचा पुढचा प्रश्न नेमका तिथेच अडकलाय. एका फेरीत दोन वेगळ्या क्रिया असतात: काढणं आणि घालणं. ग्लिसरीन बदलतं ते फक्त काढताना. त्यामुळे गुणाकारही फक्त काढतानाच करायचा, आणि ज्या अपूर्णांकाने गुणायचं तो असा:

काढल्यानंतर भांड्यात उरलेला एकूण द्रव ÷ काढण्यापूर्वी भांड्यात असलेला एकूण द्रव

मग घालण्याचं काय काम? ते पुढच्या अपूर्णांकाचा छेद ठरवतं. जितकं काढलं तितकंच घातलं तर भांडं परत ६० वर येतं, छेद दर वेळी ६० राहतो, आणि तिन्ही अपूर्णांक सारखे निघतात. म्हणूनच त्यांचा घात करून सूत्र लिहिता येतं. काढलेलं आणि घातलेलं सारखं नसलं की छेद बदलत जातो; तरीही आपण ६० धरून घात केला की उत्तर बिघडतं. गुणाकाराची कल्पना तेव्हाही चालतेच, फक्त घाताची सोय राहत नाही.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. भांडं तेच, ६० लिटर शुद्ध ग्लिसरीनचं. दर वेळी १२ लिटर काढायचे, पण पाणी मात्र ६ लिटरच घालायचं. तीनदा. पहिल्या वेळी ६० चे ४८ होतात, म्हणून अपूर्णांक ४८/६०. सहा लिटर पाणी घातल्यावर भांड्यात ५४. दुसऱ्या वेळी ५४ चे ४२ होतात, अपूर्णांक ४२/५४. पाणी घालून ४८. तिसऱ्या वेळी ४८ चे ३६, अपूर्णांक ३६/४८. आता सगळे एका ओळीत मांडा:

६० × (४८/६०) × (४२/५४) × (३६/४८) = २८

पाठ सूत्राने हेच ३०.७२ आलं असतं. खरं उत्तर २८ लिटर, म्हणजे कमी. कारण सरळ आहे: कमी पाणी घातल्यामुळे मिश्रण जास्त दाट राहिलं, आणि त्याच १२ लिटरमध्ये दुसऱ्या वेळेपासून जास्त ग्लिसरीन बाहेर गेलं. दुसरीकडे, शेवटचं पाणी घातल्यावर भांड्यात एकूण ४२ लिटर आहेत, त्यात २८ ग्लिसरीन, म्हणजे दोन तृतीयांश. मूळ गणितात ६० मध्ये ३०.७२ होतं, म्हणजे जेमतेम ५१ टक्के. ग्लिसरीनचे लिटर कमी आणि टक्केवारी जास्त, असं दोन्ही एकाच वेळी घडतं. म्हणून प्रश्नात लिटर विचारलेत की प्रमाण, हे आधी नीट वाचा. लिटर विचारले असतील तर शेवटचं पाणी घातलं की नाही याने काही बिघडत नाही. प्रमाण विचारलं असेल तर त्यानेच सगळं ठरतं.

क्रम उलटा असेल, म्हणजे आधी १२ लिटर पाणी ओतून ढवळायचं आणि मग १२ लिटर काढायचे, तरीही याच नियमाने जा. भांडं अर्थातच मोठं हवं. काढण्यापूर्वी ७२, काढल्यावर ६०, अपूर्णांक ६०/७२ म्हणजे ५/६. तीनदा केलं की ६० × १२५/२१६, सुमारे ३४.७२ लिटर. तेवढंच पाणी, तेवढाच उपसा, पण उत्तर चार लिटरने जास्त, कारण इथे पहिल्या उपशापासूनच पाणी बाहेर जातंय. "काढून घातलं" आणि "घालून काढलं" हे शब्द म्हणूनच सावकाश वाचायचे. तसंच "असं आणखी तीनदा केलं" याचा अर्थ एकूण चार उपसे. तिथे चौथ्यांदा ४/५ ने गुणायला विसरू नका.

सुरुवातीला भांड्यात शुद्ध द्रव नसून आधीच मिश्रण असेल, तर मला वेगळं काही शिकवावं लागत नाही. ६० लिटरमध्ये ४५ लिटर ग्लिसरीन असेल तर ६० ऐवजी ४५ ला त्याच अपूर्णांकांनी गुणायचं. छेद मात्र एकूण द्रवाचाच राहतो. ४५ × ०.५१२ = २३.०४.

खरी गंमत तेव्हा येते, जेव्हा घालायचा द्रवही शुद्ध पाणी नसतो. समजा दर वेळी १२ लिटर काढून त्याजागी १२ लिटर असं मिश्रण घातलं ज्यात २० टक्के ग्लिसरीन आहे. आता आधीचा दुसरा आधार गेला, कारण ओतताना ग्लिसरीन वाढतं. अशा वेळी ग्लिसरीनचा थेट पाठलाग सोडायचा आणि फरकाचा करायचा. भांड्यातली टक्केवारी आणि घातल्या जाणाऱ्या मिश्रणाची टक्केवारी यांच्यातलं अंतर सुरुवातीला १०० वजा २०, म्हणजे ८० आहे. दर फेरीत हेच अंतर ४/५ पट होतं. तीन फेऱ्यांनंतर ८० × ०.५१२ = ४०.९६. त्यात २० मिळवले की भांड्यात ६०.९६ टक्के ग्लिसरीन, म्हणजे ३६.५७६ लिटर. खात्री करायची तर पायरीपायरीने जा: दर वेळी चार पंचमांश घ्या आणि २.४ मिळवा. ६० चे ५०.४, मग ४२.७२, मग ३६.५७६. जुळलं. याच नजरेने बघितलं तर शुद्ध पाणी म्हणजे शून्य टक्क्यांचं मिश्रण, आणि तुमचं मूळ सूत्र याचाच एक खास प्रकार ठरतो. शुद्ध पाणी कितीही वेळा घातलं तरी ग्लिसरीन शून्यापर्यंत कधी पोहोचत नाही, तसंच इथे ते २० टक्क्यांच्या जवळ सरकत राहील, पण त्याखाली जाणार नाही.

उलट गणितं परीक्षेत फार येतात, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं. "शुद्ध द्रवाने भरलेल्या भांड्यातून ८ लिटर काढून पाणी भरलं, पुन्हा तसंच केलं, आता द्रव आणि पाणी यांचं प्रमाण १६ : ९ आहे, तर भांडं केवढं?" इथे घाईत १६/९ घेतलं जातं, आणि मग गाडी अडते. आपला अपूर्णांक "उरलेला शुद्ध द्रव भागिले एकूण" असा आहे, म्हणून १६ भागिले १६ अधिक ९, म्हणजे १६/२५. उपसे दोन, म्हणून वर्गमूळ: ४/५. उरला चार पंचमांश तर गेला एक पंचमांश, आणि तो ८ लिटर आहे. भांडं ४० लिटरचं. तीन उपशांचं गणित असेल तर घनमूळ निघालं पाहिजे: २७ : ३७ दिलं तर २७/६४, म्हणून ३/४. सुरुवात शुद्ध द्रवाने झाली असून बेरजेनंतर मूळ सुबक निघत नसेल, तर बहुधा प्रमाण उलटं वाचलं गेलंय किंवा उपसे मोजण्यात गफलत आहे. एवढी खूण परीक्षेत पुरते.

आता कागदावरून प्रत्यक्ष भांड्याकडे येते, कारण तुमचं २४ हे उत्तर तिथे खरंच मिळू शकतं. वर सगळीकडे "ढवळून एकजीव झालं" हे गृहीत धरलंय. प्रश्नात तो शब्द नसला तरी तो असतोच; त्याशिवाय गणित सुटतच नाही. ग्लिसरीन पाण्यापेक्षा जड असतं. एक लिटर पाणी साधारण १ किलो, तर एक लिटर ग्लिसरीन सुमारे १.२६ किलो. शिवाय ते दाट, चिकट असतं. वरून हळूच पाणी ओतलं आणि ढवळलंच नाही, तर पाणी वरच्या थरात बसून राहतं. अशा भांड्यातून तळाच्या नळाने १२ लिटर सोडले तर दर वेळी जवळपास शुद्ध ग्लिसरीनच जाईल, आणि तीन उपशांनंतर भांड्यात २४ च्या आसपास उरेल. तेच वरून उपसलं तर पहिल्या वेळचे १२ सोडून पुढे दर वेळी आपणच ओतलेलं पाणी परत निघेल, आणि ग्लिसरीन ४८ वरच थांबेल. म्हणजे ढवळणं अजिबात नसेल तर एक टोक २४, दुसरं टोक ४८, आणि नीट ढवळलं तर ३०.७२. सूत्र यातल्या फक्त शेवटच्या स्थितीबद्दल बोलतं.

ढवळणं पुरेसं झालं का, हे डोळ्यांनी ठरवू नका. दोन्ही द्रव रंगहीन आहेत. सुरुवातीला लहरी दिसतात, पण त्या दिसेनाशा झाल्या म्हणजे वर-खाली सारखं झालं असं नव्हे. वरून आणि तळातून सारख्याच मापाचा नमुना घ्या आणि दोन्ही तोला. पहिल्या फेरीनंतर ८० टक्के ग्लिसरीन असताना १०० मिलिलिटरचं वजन साधारण १२० ग्रॅमच्या घरात येतं. दोन नमुन्यांत काही ग्रॅमचा फरक दिसत असेल तर अजून ढवळायला हवं. नमुने परत भांड्यात ओतायला विसरू नका; नाही तर तोही एक छोटा उपसाच झाला.

पाण्याचा एकूण साठा मर्यादित असेल तर तो एकदम वापरावा की थोडाथोडा, हाही प्रश्न याच गणितातून सुटतो. समजा ग्लिसरीन शक्य तितकं कमी करायचंय आणि पाणी ३६ लिटरच आहे. एकदम ३६ लिटर काढून ३६ लिटर पाणी भरलं तर ग्लिसरीन २४ उरतं. बारा-बारा लिटरचे तीन उपसे केले तर ३०.७२. सहा-सहाचे सहा केले तर ६० × ०.९ चा सहावा घात, सुमारे ३१.८९. आणि एका बाजूने संथ धारेने पाणी सोडत, सतत ढवळत, दुसऱ्या बाजूने तितकंच वाहू दिलं तर सुमारे ३२.९३. उपसे जितके लहान, तितकं जास्त ग्लिसरीन मागे राहतं, कारण आत्ताच घातलेलं पाणी लगेच बाहेर टाकलं जातं. म्हणून भांड्यातला द्रव बदलायचा असेल तर एका वेळी जमेल तेवढा जास्त काढावा.

भांडं विसळताना मात्र हाच नियम उलटतो, आणि तिथे पुष्कळ जण गोंधळतात. रिकाम्या केलेल्या बाटलीत तळाशी २ मिलिलिटर द्रव चिकटून राहिलाय आणि विसळायला ६० मिलिलिटर पाणी आहे. सगळं एकदम घालून ओतून दिलं, आणि पुन्हा २ मिलिलिटरच मागे राहिले, तर मूळ द्रवाचा २/६२, म्हणजे एकतिसावा हिस्सा आत राहतो. वीस-वीसच्या तीन विसळण्यांत दर वेळी २/२२, म्हणजे अकरावा हिस्सा राहतो. तीनदा मिळून १३३१ वा. इथे पाणी आधी घातलं जातं आणि मग जवळजवळ सगळं काढलं जातं. काढण्याआधी किती आणि काढल्यावर किती, हा अपूर्णांक मांडला की दोन्ही उत्तरं आपोआप निघतात, वेगळा नियम लक्षात ठेवावा लागत नाही.

शेवटी मोजमापाची एक बारीक अडचण. गणितात ४८ लिटर ग्लिसरीन आणि १२ लिटर पाणी मिळून ६० लिटर होतात असं धरलंय. प्रत्यक्षात मिसळल्यावर आकारमान किंचित आकसतं. ग्लिसरीनमध्ये हे थोडंच असतं, पण इथाइल अल्कोहोलमध्ये सहज दिसतं: ५० मिलिलिटर अल्कोहोल आणि ५० मिलिलिटर पाणी मिळून १०० होत नाहीत, सुमारे ९६ ते ९७ होतात. तेव्हा दर वेळी मापाने मोजून १२ लिटर पाणी घातलं तर भांडं ६० च्या खुणेला पोहोचत नाही, पुढच्या उपशाचा छेद ६० पेक्षा थोडा लहान होतो आणि शुद्ध द्रव सूत्रापेक्षा जरा जास्त निघून जातो. यावर सोपा उपाय असा की पाणी मोजून न घालता खुणेपर्यंत भरायचं. मग काढण्यापूर्वी ६० आणि काढल्यावर ४८ हे दर वेळी खरं राहतं, आणि मूळ द्रवाचा ०.५१२ हिस्सा उरतो हे उत्तर तंतोतंत टिकतं. फक्त पाणी १२ लिटरपेक्षा थोडं जास्त लागतं. खूण करायची सोय नसेल तर सगळा हिशोब वजनात करा: एकूण वजनाचा पाचवा हिस्सा काढा आणि तेवढ्याच वजनाचं पाणी घाला. ग्लिसरीन पाण्यापेक्षा जड असल्यामुळे भांडं मात्र थोडं मोठं हवं. वजन आकसत नाही, त्यामुळे तिथेही ४/५ चा गुणाकार जसाच्या तसा लागू होतो.